खिशातली वीज : भाग 6
ब्लूटूथ चालू राहिलं तर काय बिघडतं?

नांदेडहून लातूरला जाणाऱ्या एसटीत शेजारच्या सीटवर एक मुलगी होती. लोहा मागे पडलं तेव्हा तिला वडिलांचा फोन आला. कानात इअरबड असल्यामुळे मला एकच बाजू ऐकू येत होती. "अहो पप्पा, एकोणीस टक्केच राहिलंय... हो, ब्लूटूथ चालूच आहे... ते बंद केलं तर इअरबड कसे चालतील?" तिकडून पुन्हा तेच सांगणं आलं असावं, कारण तिने कपाळाला हात लावला.

ब्लूटूथ चालू ठेवलं की चार्जिंग उतरतं, हे खोटं नाही. प्रश्न किती उतरतं हा आहे.

काहीही जोडलेलं नसताना चालू ब्लूटूथ बहुतेक वेळ झोपलेलं असतं. ओळखीचं एखादं यंत्र आपल्याला हाक मारतंय का, एवढंच ते मधून मधून ऐकतं. ठरलेल्या पद्धतीप्रमाणे साधारण दर 1.28 सेकंदाला रेडिओ जागा होतो, 11.25 मिलिसेकंद कान देतो आणि पुन्हा झोपतो. म्हणजे शंभर भागांतला एक भागही तो जागा नसतो. जागेपणी त्याला 30 मिलिअँपिअर लागतात असं सढळ हाताने धरू. सरासरी काढली तर पाव मिलिअँपिअरच्या जरा वर जाते, आणि दिवसभराचे होतात सहा-साडेसहा मिलिअँपिअर-तास. आज बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच फोनांची बॅटरी 5000 ची असते. तिचा एक टक्का म्हणजे 50. रिकामं ब्लूटूथ तेवढा एक टक्का खायला आठवडाभर घेईल. हिशेब ढोबळ आहे, घड्याळासारख्या वस्तूंसाठीचं वेगळं ऐकणं त्यात धरलेलं नाही. ते दुप्पट-तिप्पट धरलं तरी एका रात्रीत आकडा हलताना दिसणार नाही.

मग वडिलांचा सल्ला आला कुठून? माझा अंदाज असा, की तो जुन्या फोनांच्या दिवसांतला असावा. तेव्हा गाणी ब्लूटूथवरून घ्यायची पद्धत होती. त्यासाठी फोन 'सगळ्यांना दिसेल' असा ठेवावा लागे, आणि मग अनोळखी यंत्रांची विचारपूसही ऐकत बसावं लागे. त्या काळच्या चिपा जास्त वीज खात आणि बॅटरी हजाराच्या आसपासची. तिथे तो सल्ला अगदी रास्त होता.

खर्च खरा वाढतो तो काहीतरी जोडल्यावर. गाणं ऐकताना फोनला आवाजाचे तुकडे बांधून सतत पाठवावे लागतात, आणि इअरबडकडून पोच घ्यावी लागते. रेडिओला झोप उरत नाही, शिवाय ते तुकडे बांधायला प्रोसेसरलाही जागं राहावं लागतं. तीन-चार तासांच्या प्रवासात हे काही टक्के होऊ शकतं, पण ते ऐकण्याचं मोल आहे. मनगटावरचं घड्याळ त्यापेक्षा स्वस्त पडतं, कारण ते थोडंथोडंच बोलतं. घड्याळ घरी विसरलात तर मात्र फोन त्याला अधूनमधून शोधत राहतो.

उगाच खर्च करणारं एखादं अ‍ॅपही असतं, जे आसपासची यंत्रं सतत धुंडाळतं. 2020 च्या एप्रिलमध्ये आलेल्या आरोग्य सेतूला ब्लूटूथ चालू लागायचं, कारण जवळून कोण गेलं याची नोंद ते त्यावरूनच ठेवी. तेव्हा निदान कारण माहीत होतं. आज कोणतं अ‍ॅप ते करतंय हे सेटिंग्जमधल्या बॅटरीच्या यादीत पाहावं. अँड्रॉइडवर आणखी एक गोम आहे: लोकेशनच्या सेटिंगमध्ये ब्लूटूथ स्कॅनिंग असा वेगळा खटका असतो. तो चालू असेल तर वरचं बटण बंद करूनही शोध चालूच राहतो. बटण बंद केल्यावर फरक पडला नाही म्हणणाऱ्यांनी आधी तिथे पाहावं.

बंद ठेवण्याचं एक कारण मात्र मला पटतं, आणि त्याचा बॅटरीशी संबंध नाही. 2017 च्या सप्टेंबरमध्ये ब्लूबोर्न नावाच्या त्रुटी उघड झाल्या. ब्लूटूथ चालू असलेल्या फोनमध्ये, जोडणी न करताही, जवळच्या माणसाला घुसता येई. कंपन्यांनी दुरुस्त्या पाठवल्या. ज्या फोनला त्या कधी मिळाल्याच नाहीत, असा जुना फोन वापरत असाल तर काम नसताना ब्लूटूथ बंदच बरं.

त्या मुलीचं चार्जिंग खात कोण होतं? अहमदपूर आलं तेव्हा तिने बॅटरीची यादी उघडली. वर व्हिडिओचं अ‍ॅप, त्याखाली मोबाइल नेटवर्क. त्यात नवल नाही. टॉवर लांब गेला की फोन जोर लावून बोलतो. 4जी फोन साधारण 200 मिलिवॅटपर्यंत जातो, तर इअरबडशी बोलायला फोनला काही मिलिवॅट पुरतात. रस्त्यात रेंज येत-जात राहिली की हा जोर पुन्हा पुन्हा लागतो. ब्लूटूथचं नाव गाठायला तिला बरंच खाली सरकावं लागलं.

तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. तिने कानातले इअरबड काढून डबीत ठेवले, ब्लूटूथ बंद केलं आणि फोन कानाला लावत म्हणाली, "हो पप्पा, केलं बंद."