दोन प्रस्ताव, गुण सारखेच

निवृत्तीनंतर मी सरोजिनी नगरात राहतो आणि एका छोट्या न्यासाच्या निवड समितीवर बसतो. मदत मागणारे अर्ज वाचायचे आणि गुण द्यायचे, हे आमचं काम. गरज आणि व्यवहार्यता यांना प्रत्येकी 30 गुण, अंदाजपत्रक आणि परिणाम यांना प्रत्येकी 20. आम्ही तिघे घरी बसून, एकमेकांशी न बोलता, प्रत्येक निकषाला पाचपैकी गुण देतो. आधी बोललं की सगळ्यात मोठा आवाज असेल त्याचेच गुण सगळ्यांच्या कागदावर उतरतात. फौजेत हे पुष्कळ पाहिलंय!

मागे मराठवाड्यातल्या दोन शाळांचे अर्ज आले, दोन्ही पिण्याच्या पाण्यासाठी. पहिल्या शाळेला आरओ यंत्र हवं होतं. गावात उन्हाळाभर टँकर, म्हणून गरज पाच. अंदाजपत्रक चार, परिणाम पाच. व्यवहार्यतेला मात्र एका सहकाऱ्याने पाच दिले, आम्ही दोघांनी दोन-दोन. सरासरी तीन. एकूण 84. दुसऱ्या शाळेला छपराचं पाणी साठवायला टाकी हवी होती. गरज चार, व्यवहार्यता पाच, बाकी दोन्ही तीन-तीन, एकूण 78. म्हणजे यंत्र जिंकलं.

पण आमच्याकडे एक नियम आहे. एकाच निकषावर दोन किंवा जास्त गुणांची तफावत असेल, तर त्यावर बोलायचंच. सहकाऱ्याने विक्रेत्याची कागदपत्रं पाहिली होती, ती चोख होती. मी विचारलं, आरओ शुद्ध पाणी देताना बरंचसं खारं पाणी बाहेर टाकतं. टँकरच्या गावात ते कुठे जाणार? पडदा खराब झाल्यावर बदलणार कोण? अर्जात देखभालीची ओळच नव्हती. त्यांनी पाचाचे दोन केले. आता यंत्रही 78 वर आलं.

मग दुसरा नियम: व्यवहार्यतेत तीनपेक्षा कमी असेल, तर एकूण कितीही असो, पैसे नाहीत. गरजेचे गुण न चालणाऱ्या यंत्राला तारू शकत नाहीत. बेरीज हीच गोष्ट झाकते.

टाकीचा हिशेब आम्ही स्वतः करून पाहिला. छप्पर 200 चौरस मीटर, पाऊस 600 मिलिमीटर, त्यातला 80 टक्के हाती लागतो असं धरलं, तर 96,000 लिटर. 120 मुलांना रोज तीन लिटर, शंभर दिवस, म्हणजे 36,000. जमतंय. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायची सोय नव्हती, ती घालायला लावली. खर्च थोडा वाढला, तो मंजूर केला. सरोजिनी नगरच्या बाजारात घासाघीस करायची सवय इथे उपयोगाची नाही. सरसकट दहा टक्के कापले की नेमकी देखभालच जाते.

राहिली पहिली शाळा. गरज तिची जास्त होती, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. नकाराच्या पत्रात आम्ही नुसते गुण कळवले नाहीत, दोन प्रश्न लिहिले: खारं पाणी कुठे, आणि तिसऱ्या वर्षी खर्च कोणाचा. पुढच्या फेरीत मुख्याध्यापकांचा अर्ज पुन्हा आला. या वेळी त्यात टाकी होती.