घाट बंद असता गोव्याची वाट

बेळगावाहून गोव्यास उतरणाऱ्या नेहमीच्या वाटा तीन: लोंढ्यावरून अनमोड घाट, जांबोटीवरून चोर्ला घाट आणि बरीच लांबची आंबोली-सावंतवाडीची. जुलै २०२५ मध्ये अनमोड घाटात रस्त्याची दरीकडील बाजू खचली व अवजड वाहने बंद करावी लागली. अशा वेळी चोर्ल्याची वाट उपयोगी पडते खरी. परंतु तिन्ही घाट एकाच सह्याद्रीचे, आणि पाऊसही तोच. आंबोलीत तर वर्षाकाठी सुमारे ७ मीटर पाऊस पडतो! म्हणून संततधार लागली असता दुसऱ्या वाटेपेक्षा दुसरा दिवस पाहावा, असे आम्हांस वाटते. बाप्तिस्म्यास वा लग्नास जाणाऱ्यांनी दोन दिवस आधीच निघण्याची मुभा ठेवावी.

पाऊस उघडला म्हणजे धोका टळला, असे नव्हे. मुरलेल्या पाण्याने माती जड होते, खडकावरील तिची पकड सुटते आणि दरड उन्हातही कोसळते. रस्त्याच्या कडेने गेलेली लांब भेग, नुकतीच कललेली झाडे, एकाएकी गढूळलेला झरा, वरून घरंगळणारे खडे ही तिची पूर्वचिन्हे. ती पुढे दिसताच मागे फिरावे. रात्री मात्र यांतील काहीच दिसत नाही. तेव्हा घाट दिवसाउजेडीच उतरावा.