बिडी सुटली की गोळीचा हिशेब बदलतो

स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला मानसोपचार वॉर्डात भरती करायला आणलेल्या नातेवाइकांच्या पिशवीत कपडे असतात, डबा असतो आणि पुष्कळदा तंबाखूची पुडीही असते. ‘तेवढं राहू द्या, नाहीतर तो चिडतो,’ अशी विनंती होते. औसा, लातूर, नांदेड या पट्ट्यात तंबाखू मळणं इतकं रोजचं आहे की घरच्यांना त्यात गैर काही वाटत नाही. शिवाय त्यांची मनापासून समजूत असते की या माणसाचं डोकं तंबाखूवरच शांत राहतं.

ही समजूत त्यांनी डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर उभी आहे. बार लावला की रुग्ण खरंच निवळतो. पण निवळते ती मुख्यतः तलफ. काही तास निकोटिन मिळालं नाही की चिडचिड, अस्वस्थता, झोपमोड सुरू होते. पुढची चिमूट ती मिटवते आणि दोन-तीन तासांनी पुन्हा तेच चक्र सुरू होतं. २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. धूम्रपान सोडलेल्यांची चिंता, नैराश्य आणि ताण न सोडणाऱ्यांच्या तुलनेत कमी झाल्याचं त्यात दिसलं, आणि आधीपासून मानसिक आजार असलेल्यांमध्येही चित्र तसंच होतं. स्किझोफ्रेनियाचे रुग्ण तंबाखूनं स्वतःवर एक प्रकारे उपचारच करतात, ही कल्पना रुजवणाऱ्या संशोधनाला सिगारेट कंपन्यांनी पैसा पुरवला होता. त्यांच्याच जुन्या कागदपत्रांवरून २००८ साली हे समोर आलं.

मग वॉर्डात तंबाखू बंद केली की आजार उसळेल का? त्याच २०१४ साली अमेरिकेतल्या एका धूम्रपानबंदी असलेल्या मानसोपचार विभागातला प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यातल्या २२४ रुग्णांपैकी काहींना नेहमीची काळजी मिळाली, तर काहींना भरतीतच समुपदेशन सुरू झालं आणि घरी गेल्यावर निकोटिनचे पॅच मिळाले. दीड वर्षानं दुसऱ्या गटातले २० टक्के रुग्ण धूम्रपानमुक्त होते. पहिल्या गटात हे प्रमाण ८ टक्क्यांच्या आत होतं. पुन्हा भरती व्हावं लागलेलेही दुसऱ्या गटातच कमी निघाले, ५६ टक्क्यांच्या जागी ४४ टक्के.

खरा घोटाळा होतो तो दुसऱ्या एका समजुतीमुळे. बिडी ओढणं आणि तंबाखू खाणं एकच, असं मानून केस पेपरवर फक्त ‘तंबाखूचं व्यसन’ एवढंच लिहिलं जातं. महाराष्ट्रात हा फरक विसरून चालत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू घेणारे होते आणि ओढणारे केवळ ३.८ टक्के. परदेशी पुस्तकातला सल्ला मात्र बहुतेक ओढणाऱ्यांसाठीच लिहिलेला असतो.

उदाहरणादाखल औसा तालुक्यातले दोन रुग्ण डोळ्यांसमोर आणू. दोघांना स्किझोफ्रेनिया आहे आणि दोघं रोज ४०० मिलिग्रॅम क्लोझापिन नियमित घेतात. पहिला दिवसाला बिडीचं एक बंडल संपवतो, दुसरा चुना लावून तंबाखू खातो. भरती झाल्यावर दोघांचीही सवय एकदम बंद होते. दोन-तीन दिवस दोघंही चिडतात, रात्री जागतात. चार-पाच दिवसांनी पहिला रुग्ण दिवसाही पेंगू लागतो, लाळेनं उशी भिजते, उठताना चक्कर येते, शौचाला होत नाही. दुसऱ्याला यातलं नवं काहीच होत नाही.

याचं कारण धुरात आहे. जळणाऱ्या तंबाखूच्या धुरातली काही रसायनं यकृतातल्या एका विकराचं काम वाढवतात आणि हाच विकर क्लोझापिन आणि ओलान्झापिन मोडतो. म्हणून ओढणाऱ्याला जास्त डोस लागतो. धूर थांबला की साधारण आठवड्याभरात विकर मूळ पातळीवर येतो, औषध हळू मोडतं आणि डोस तोच राहिला तरी क्लोझापिनची रक्तातली पातळी दीडपट किंवा त्याहूनही वर जाऊ शकते. ती फार वाढली तर झटकेही येतात. यात निकोटिनचा काही संबंध नाही. त्यामुळे तंबाखू खाणाऱ्याच्या औषधाच्या पातळीत फरक पडत नाही, आणि बिडी सोडणाऱ्याला पॅच लावला तरी ही वाढ टळत नाही.

पहिल्या रुग्णाचा डोस डॉक्टर पहिल्या आठवड्यातच टप्प्याटप्प्यानं पाऊणपट, म्हणजे ३०० मिलिग्रॅमच्या आसपास आणतात. शक्य असेल तिथे रक्तातली पातळी तपासतात. ती सोय नसेल तर गुंगी, लाळ, रक्तदाब आणि बद्धकोष्ठता यांची रोज नोंद ठेवावी लागते. घरच्यांनी स्वतःहून गोळी कमी करण्याची ही गोष्ट नव्हे. चहाकडेही पाहावं लागतं, कारण कॅफिन मोडणारा विकरही हाच आहे. बिडी सुटल्यावर तितकेच कप जास्त चढतात. हात थरथरतात, झोप उडते, आणि आजार उलटला असं वाटून गोळ्या वाढवल्या जातात.

तलफेवरच्या औषधांचीही अनेकांना भीती असते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, आठ हजारांवर धूम्रपान करणाऱ्यांच्या चाचणीत निम्म्या लोकांना मानसिक आजार होता. व्हॅरेनिक्लिन किंवा ब्युप्रोपिऑनमुळे गंभीर मानसिक त्रास लक्षणीयरीत्या वाढल्याचं तिथे आढळलं नाही, आणि त्याच डिसेंबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनानं या औषधांवरचा कडक इशारा काढला. तरी सगळी औषधं सगळ्यांना चालत नाहीत. ब्युप्रोपिऑन आणि क्लोझापिन दोन्ही झटक्यांचा धोका वाढवतात, त्यामुळे आपल्या दोन्ही रुग्णांसाठी ब्युप्रोपिऑन टाळलेलंच बरं.

निकोटिन गम २ आणि ४ मिलिग्रॅमचा येतो. उठल्यापासून अर्ध्या तासात तंबाखू लागणाऱ्याला सहसा ४ मिलिग्रॅमनं सुरुवात करतात. तो च्युइंगगमसारखा सलग चघळला तर निकोटिन पोटात जातं, उचकी लागते, मळमळतं आणि रुग्ण ‘हे काही जमत नाही’ म्हणून थुंकून टाकतो. चुणचुण येईपर्यंत सावकाश चावायचा, मग गालात धरून ठेवायचा, चुणचुण गेली की पुन्हा चावायचा, असं अर्धा तास. गालात चिमूट धरायची सवय असलेल्या दुसऱ्या रुग्णाला हे पटकन जमतं. गुटख्यामुळे ज्याचं तोंडच नीट उघडत नाही, त्याच्यासाठी मात्र पॅच बरा.

नुसत्या औषधावर हे भागत नाही, आणि ‘सोडून दे’ असं दरडावून तर नाहीच. लक्ष टिकत नसलेल्या रुग्णाशी तासभर बोलण्यापेक्षा रोज दहा मिनिटं बोललेलं उपयोगी पडतं: आज तलफ कधी आली, तेव्हा काय केलं, उद्या जेवणानंतर काय करायचं. शांत राहिल्याबद्दल बक्षीस म्हणून बिडी देण्याची पद्धत आधी थांबवावी लागते. भेटीला येणाऱ्यांनाही पुडी न आणण्याचं कारण समजावून सांगावं लागतं. तरी यशाला मर्यादा आहेत. गंभीर मानसिक आजार असलेल्या ५२६ जणांवर इंग्लंडमध्ये झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खास प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी मदत केलेल्या गटातले १४ टक्के सहा महिन्यांनी मुक्त होते, तर नेहमीच्या सेवेतले ६ टक्के. वर्षअखेरीस हे अंतर कमी झालं. सोबत लवकर सुटली तर सवयही परत येऊ शकते.

म्हणूनच डिस्चार्जचा दिवस नाजूक असतो. पहिला रुग्ण ३०० मिलिग्रॅमवर औशाला परतला आणि स्टँडवर उतरताच त्यानं बिडी पेटवली, रोजची सवय पुन्हा जडली, तर काही दिवसांत औषधाची पातळी घसरते आणि गोळी न चुकवताही आवाज पुन्हा ऐकू येऊ लागतात. त्याच्या डिस्चार्ज कार्डावर तीन गोष्टी ठळक हव्यात: तो बिडी ओढत होता की तंबाखू खात होता, डोस कोणत्या तारखेला आणि किती बदलला, आणि बिडी पुन्हा सुरू झाली तर न लपवता लगेच ओपीडीत सांगायचं. त्याखाली १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा राष्ट्रीय मोफत क्रमांक आणि आठवड्याभरानंतरची पुढच्या भेटीची तारीख.