ओढल्या जाणाऱ्या सळईचा हिशेब

पोलादाची सळई यूटीएम यंत्राच्या दोन जबड्यांत पकडून ओढायला सुरुवात केली की पडद्यावर एक रेषा चढू लागते. आधी ती सरळ उभी जाते, मग वाकते, हळूहळू चढत एका शिखरावर पोहोचते आणि तिथून खाली उतरते. उतारावर कुठेतरी सळई तुटते. हा आलेख पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते, की शिखरापर्यंत धातू मजबूत होत गेला आणि नंतर त्याची ताकद सरली. पुष्कळ विद्यार्थी हीच समजूत घेऊन पदवीधर होतात आणि ती चुकीची आहे. तुटण्याच्या क्षणापर्यंत त्या सळईचा धातू कठीणच होत असतो. उतरते ते यंत्राला लावावे लागणारे बळ. हे कसे, ते समजायचे तर आलेखाचे दोन्ही अक्ष तपासावे लागतात.

प्रतिबल म्हणजे दर चौरस मिलिमीटरवर पडणारे बळ. नेहमीच्या आलेखात हे बळ सळईच्या मूळ क्षेत्रफळाने भागतात. पण सळई लांबते तशी बारीकही होते. कायमचा आकार बदलताना धातूचे घनफळ जवळपास तेवढेच राहते, त्यामुळे लांबी दीडपट झाली तर छेदाचे क्षेत्रफळ दोनतृतीयांशच उरते. त्या क्षणी असलेल्या क्षेत्रफळाने भागले, तर मिळते ते खरे प्रतिबल.

लांबीच्या बाबतीतही असाच घोळ आहे. ५० मिलिमीटरचा भाग आधी ६० पर्यंत ओढला, म्हणजे २० टक्के वाढ. मग ६० चा ७५ केला, म्हणजे २५ टक्के. बेरीज ४५ होते, पण ५० वरून थेट ७५ ला गेलो तर वाढ ५० टक्के आहे. टप्पे जुळत नाहीत. म्हणून नव्या आणि जुन्या लांबीच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगरिदम घेतात, त्याला खरी विकृती म्हणतात. तिचे टप्पे ०.१८ आणि ०.२२ येतात आणि बेरीज ०.४०. थेट हिशेबानेही तेच उत्तर मिळते. हे मोजमाप पॉल लुडविक यांनी १९०९ मध्ये पुढे आणले.

या दोन खऱ्या राशी घेऊन आलेख काढला की शिखर नाहीसे होते. रेषा चढतच राहते, फक्त चढ मंद होत जातो. कित्येक धातूंसाठी तिचे सूत्र साधे आहे. १९४५ मध्ये हॉलोमन यांनी ते मांडले:

σ = K εⁿ

σ म्हणजे खरे प्रतिबल, ε म्हणजे खरी विकृती आणि K हा धातूचा स्थिरांक. पण साऱ्या गोष्टीचा प्राण आहे n या घातांकात. ओढल्यावर धातू किती झपाट्याने कठीण होतो, हे तो सांगतो. तापवून सावकाश थंड केलेल्या, म्हणजे अनील केलेल्या तांब्याचा n ०.५ च्या आसपास असतो, तर पाणी दिलेल्या कडक पोलादाचा ०.१ च्या आसपास.

आता एक सळई घेऊ. कमी कार्बनचे, अनील केलेले पोलाद. पुस्तकांत अशा पोलादासाठी K ५३० मेगापास्कल आणि n ०.२६ दिलेला असतो. व्यास १० मिलिमीटर, मोजायचा भाग ५० मिलिमीटर, मूळ क्षेत्रफळ ७८.५ चौरस मिलिमीटर. खरी विकृती ०.१० असताना ती २०.७ किलोन्यूटन बळ पेलते, ०.२० ला २२.४, ०.२६ ला २२.६ आणि ०.३० ला किंचित कमी, सुमारे २२.५. या सगळ्या वेळात खरे प्रतिबल मात्र २९१ वरून ३८७ मेगापास्कलवर गेलेले असते.

सळईत दोन गोष्टी एकाच वेळी चालू असतात. खरी विकृती ०.०१ ने वाढली, की क्षेत्रफळ एक टक्क्याने घटते. त्याच वेळी धातू कठीण होतो आणि सूत्रानुसार प्रतिबल n/ε टक्क्यांनी वाढते. विकृती ०.१० असताना ही वाढ २.६ टक्के आहे, म्हणजे एक टक्का गमावून दीडहून जास्त टक्के पदरात पडतात. ०.२० ला वाढ १.३ टक्के उरते. ०.२६ ला ती बरोबर एक टक्का होते, कमाई आणि तोटा समसमान. त्यापुढे तोटा जास्त. म्हणून बळाचे शिखर ε = n इथेच येते. फ्रेंच अभियंते आर्मां कोन्सिदेर यांनी १८८५ मध्ये ही अट सर्वसाधारण रूपात सांगितली होती: खऱ्या आलेखाचा चढ खऱ्या प्रतिबलाइतका झाला की बळ कमाल होते.

शिखराआधी सळई सरळ का राहते, हेही यातूनच उलगडते. कुठलीही सळई अगदी एकसारखी नसते, कुठेतरी केसभर बारीक असतेच. शिखराआधी ती जागा थोडी जास्त ताणली गेली, तर ती इतकी कठीण होते की ताणणे आपोआप शेजारच्या भागाकडे सरकते. शिखरानंतर हा सांभाळ संपतो. बारीक जागेला बारीकपणाची भरपाई करता येत नाही, पुढचे सगळे ताणणे तिथेच साचते आणि सळईला तिथे मान पडते. बाकीची सळई तशीच थांबते. आपल्या सळईत हे घडते तेव्हा ५० मिलिमीटरचा भाग साधारण ६४.९ झालेला असतो आणि व्यास ८.८ मिलिमीटरच्या जवळ.

इथून पुढे लांबीवरून विकृती काढणे चुकीचे ठरते, कारण लांबी म्हणजे मान आणि स्वस्थ भाग यांची सरासरी. मानेचा सर्वांत कमी व्यास मोजावा लागतो. तो ५ मिलिमीटर झाला असेल, तर तिथली खरी विकृती १.३९ आहे, एकसमान भागातल्या ०.२६ च्या पाचपटीहून अधिक. आणखी एक अडचण आहे. मानेच्या खाचेमुळे आतल्या धातूवर आडवेही ताण येतात, त्यामुळे बळ भागिले क्षेत्रफळ हे उत्तर थोडे जास्त येते. ती चूक दुरुस्त करण्याची रीत पर्सी ब्रिजमन यांनी १९४४ मध्ये दिली. आतल्या याच ताणांनी मानेच्या मध्यभागी बारीक पोकळ्या उघडतात, आणि म्हणून लवचीक पोलादाचे तुटलेले एक टोक वाटीसारखे, तर दुसरे शंकूसारखे दिसते.

प्रयोगशाळेत n काढताना मोह होतो तो शिखर कुठल्या लांबीवर आले ते वाचून मोकळे होण्याचा. मला ही पद्धत भरवशाची वाटत नाही. वरचे आकडे पुन्हा पाहा: विकृती ०.२० पासून ०.३० पर्यंत जाताना बळ एक टक्काही बदलत नाही. शिखर इतके सपाट असते, की यंत्राचा किरकोळ थरथराटही ते मागेपुढे सरकवतो. त्यापेक्षा शिखराच्या पुरेसे आधीचे बिंदू घ्यावेत, दोन्ही राशींचे लॉगरिदम घेऊन रेषा काढावी आणि तिचा चढ मोजावा. रेषा वाकडी आली, तर या धातूला एकच n पुरत नाही हे तिथेच कळते. काही स्टेनलेस पोलादांत असे घडते. सुरुवातीचा भागही सोडावा, कारण सौम्य पोलाद आधी काही काळ पट्ट्यापट्ट्यांनी ताणले जाते आणि तेवढ्यात हे सूत्र लागू पडत नाही.

सळई आधीच ओढलेली असेल तर काय? समजा आपल्याच पोलादाला कारखान्यात थंड अवस्थेत ०.१५ खरी विकृती देऊन झाली आहे. ती यंत्रावर लावली की सुरुवातीलाच जास्त बळ मागते, पाहणाऱ्याला मजबूत वाटते. पण ०.२६ मधले ०.१५ खर्च झाले आहेत. मान पडण्याआधी तिच्याकडे ०.११ उरले, म्हणजे जेमतेम १२ टक्के लांबी, जिथे नव्या सळईला ३० टक्के मिळाली असती. तार खेचणारे कारखाने म्हणूनच मध्येमध्ये तार भट्टीत अनील करतात: खर्च झालेली विकृती तिथे पुसली जाते आणि तार पुन्हा शून्यापासून ओढता येते.