विश्लेषण : मीटिंगमधून स्लाइड्स गेल्या, तर समोर काय मांडायचे?

महत्त्वाचा निर्णय घ्यायला वरिष्ठ मंडळी जमतात. तासाभराच्या बैठकीतली ४० मिनिटे स्लाइड्स बघण्यात जातात आणि निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलला जातो. त्यावर उपाय म्हणजे ‘प्री-रीड’, म्हणजे आधी वाचायचे टिपण. ते कसे वापरतात?

ही पद्धत आली कुठून?
जेफ बेझोस यांनी ९ जून २००४ रोजी अॅमेझॉनच्या वरिष्ठ चमूच्या बैठकांमधून पॉवरपॉइंट बंद केले. त्याऐवजी सलग वाक्यांत लिहिलेले, जास्तीत जास्त सहा पानांचे टिपण आले. मुद्द्यांच्या यादीत ‘यामुळे’ आणि ‘तरीही’ गळून जातात. सलग लिहिताना ते टाळता येत नाहीत. आपल्याकडेही कंपन्यांच्या संचालक मंडळाला विषयपत्रिकेसोबत टिपणे साधारणपणे सात दिवस आधी द्यावी लागतात.

टिपणात काय असते?
समजा, पेणमधल्या एका गणेशमूर्ती कारखान्याच्या पाच भागीदारांची बैठक आहे. वर्षाला ५,००० मूर्ती होतात, त्यात शाडूच्या १,०००. पुढच्या हंगामात त्या २,००० करायच्या का, हा प्रश्न. टिपणाचे पहिलेच वाक्य हवे : ‘शाडूच्या मूर्ती दुप्पट करण्यास मंजुरी हवी.’ मग कारण, खर्च, पर्याय आणि धोके. शाडूची मूर्ती वाळायला वेळ लागतो, म्हणजे शेडमधली जागा जास्त दिवस अडते. ती जड आणि नाजूक असल्याने वाहतुकीत फुटण्याची भीतीही जास्त. शेवटी लिहिणाऱ्याची स्वतःची शिफारस.

मग समोर काय मांडायचे?
कागदावर उतरत नाही तेवढेच. तडा गेलेली मूर्ती टेबलावर ठेवावी, नवे पॅकिंग करून दाखवावे. टिपण पाठवल्यानंतर कच्च्या मालाचा भाव बदलला असेल, तर तो सांगावा. उरलेला वेळ मतभेदाच्या मुद्द्याला : जादा मूर्ती वाळवायला जागा कुठली? खर्चाचे तक्ते पुन्हा वाचून दाखवू नयेत. तसे केले की, ज्यांनी आधी वाचले ते पुढच्या वेळी वाचत नाहीत.

कोणी वाचूनच आले नाही तर?
हे नेहमीच होते. पानावर असलेलाच आकडा कोणी विचारला, की समजावे. म्हणून अॅमेझॉनमध्ये बैठकीच्या सुरुवातीला सगळे शांतपणे टिपण वाचतात. पानाला तीन मिनिटे धरली, तर सहा पानांना १८ मिनिटे लागतात.

टिपण पाठवण्याआधी विषयाबाहेरच्या दोघांना वाचायला द्यावे आणि ‘यात कसली मंजुरी मागितली आहे?’ असे विचारावे. दोघांची उत्तरे वेगळी आली, तर ते पुन्हा लिहावे.

मर्यादा काय?
अपघात झाला, तर टिपण लिहीत बसू नये. लगेच एकत्र बोलावे. शेडचा आराखडाही शब्दांत नव्हे, चित्रातच कळतो. तो टिपणाला जोडावा.