घाटात गाडी कुठे दमते आणि कुठे तापते?

नवी गाडी घ्यायची ठरली की घरात एक प्रश्न हमखास निघतो: "घाटात चालेल ना?" उत्तरं बहुतेक ऐकीव असतात. कुणी म्हणतो डिझेलच घ्या, कुणी म्हणतो ऑटोमॅटिक अजिबात नको, कुणी ब्रोशरमधला टॉर्कचा आकडा दाखवतो. महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारा आंबेनळी घाट आणि नेरळहून माथेरानकडे चढणारा रस्ता हे दोन रस्ते डोळ्यांसमोर ठेवून यातल्या पाच समजुती तपासून पाहू.

गैरसमज 1: इंजिन मोठं असलं तरच गाडी खडा चढ चढते

माथेरानचा रस्ता दहा किलोमीटरच्या आत कित्येकशे मीटर वर नेतो. वळणं आवळलेली आणि काही ठिकाणी चढ इतका उभा, की नवखा चालक मध्येच अडकतो. या रस्त्यावर वर्षानुवर्षं टॅक्सी म्हणून धावली ती मारुती ओम्नी. तिचं इंजिन फक्त 796 सीसीचं आणि टॉर्क साधारण 60 न्यूटन-मीटर, म्हणजे आजच्या लहान हॅचबॅकपेक्षाही बराच कमी. तरी ती भरलेली वर जात असे.

यामागचं कारण गिअरबॉक्समध्ये आहे. इंजिनचा टॉर्क चाकापर्यंत पोचताना गिअर त्याला काही पटींनी वाढवतो. साध्या 1.2 लीटर पेट्रोल हॅचबॅकमध्ये पहिला गिअर तो सुमारे पंधरापट करतो, दुसरा आठपट आणि तिसरा साडेपाचपट.

एक हिशोब करून पाहू. माणसं आणि सामान धरून गाडी 1400 किलोची आहे. चढ एकास दहा, म्हणजे दहा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. तो एकाच वेगाने चढायला इंजिनकडून तिसऱ्या गिअरमध्ये सुमारे 90 न्यूटन-मीटर लागतात, दुसऱ्यात 60 आणि पहिल्यात जेमतेम 33. आता चढ एकास पाच झाला, म्हणजे अगदी उभा. दुसऱ्या गिअरमध्ये मागणी सुमारे 112 वर जाते. अशा इंजिनचा सगळा टॉर्कच 110 च्या आसपास असतो, म्हणून दुसऱ्यात गाडी धापा टाकत बंद पडते. पहिला टाकला की मागणी साठाच्या आसपास येते आणि तीच गाडी निवांत वर जाते.

लहान इंजिनची गाडी घाट चढते. फक्त ती पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनचा आवाज वाढवत चढते. त्या आवाजाला घाबरून वरचा गिअर टाकला की ती दमते.

गैरसमज 2: ब्रोशरमध्ये टॉर्क जास्त, म्हणजे घाटात पिकअप जास्त

ब्रोशरमध्ये टॉर्कच्या आकड्यापुढे एक दुसरा आकडा असतो, तो म्हणजे आरपीएम. घाटासाठी तो पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. 1.5 लीटर टर्बो डिझेल 250 न्यूटन-मीटर देत असेल, पण ते साधारण 1500 ते 1750 आरपीएमच्या पुढे. त्याखाली टर्बो पुरेशी हवा ढकलत नाही आणि इंजिन आपल्या मूळ आकाराइतकंच बळ देतं.

आवळलेल्या वळणावर वेग ताशी 15 किलोमीटरवर येतो. या वेगात अशी डिझेल गाडी दुसऱ्या गिअरमध्ये असेल तर इंजिन हजारच्याही खाली फिरत असतं. अॅक्सिलरेटर दाबला तरी क्षण-दोन क्षण काहीच होत नाही, आणि नेमकी त्याच क्षणी समोरून एसटी येत असते. लहान टर्बो पेट्रोलमध्ये हा खड्डा आणखी जाणवतो. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन कमाल टॉर्क चार हजारांच्या पुढे देत असलं, तरी त्यातला बराचसा वाटा खालच्या आरपीएमवरही मिळतो आणि तो पायासरशी मिळतो.

म्हणून टर्बो वाईट असं मात्र नाही. महाबळेश्वर सुमारे 1350 मीटर उंचीवर आहे. तिथे हवा समुद्रकाठापेक्षा दहा-बारा टक्के विरळ असते आणि साध्या इंजिनची ताकद जवळपास तेवढीच घटते. टर्बो ही तूट बरीचशी भरून काढतो. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत टॉर्क मुळातच पेट्रोलपेक्षा कमी आणि टाकीचं वजन जास्त, त्यामुळे भरल्या गाडीने खडा चढ असेल तर घाटापुरतं पेट्रोलवर यावं.

गैरसमज 3: ऑटोमॅटिक गाडी घाटात नकोच

"ऑटोमॅटिक" या एका नावाखाली चार वेगळे गिअरबॉक्स विकले जातात आणि घाटात चौघांचं वागणं वेगळं आहे.

एएमटी म्हणजे साधाच गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअर यंत्र चालवतं. चढावर थांबून निघताना ब्रेक सोडल्यावर क्लच पकडायला क्षणभर लागतो आणि तेवढ्यात गाडी मागे सरकते. हिल होल्ड असेल तर ब्रेक दोनेक सेकंद आपोआप धरून ठेवला जातो आणि हा दोष जातो. म्हणून एएमटी घेणाऱ्या घाटवाल्याने हिल होल्डशिवायचं मॉडेल घेऊ नये.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असतं. गाडी निघताना हे यंत्र इंजिनचा टॉर्क जवळपास दुपटीपर्यंत वाढवतं आणि क्लच प्लेट जळण्याचा प्रश्नच नसतो. खड्या चढावरच्या वाहतूक कोंडीसाठी चौघांत हाच सर्वांत निर्धास्त.

ड्युअल क्लच गिअरबॉक्स मोकळ्या घाटात झकास, पण शनिवारी सकाळी खंडाळ्याच्या रांगेत पावलापावलाने चढताना त्याचे क्लच तापतात, विशेषतः कोरडे क्लच असलेल्या प्रकारात. पडद्यावर इशारा येतो आणि बाजूला थांबावं लागतं. गाडी अॅक्सिलरेटरवर तरंगत ठेवू नये. ब्रेक दाबून थांबावं आणि पुढे जागा झाली की एकदाच निघावं. मॅन्युअल गाडी चढावर हाफ क्लचवर धरून ठेवणाऱ्यालाही हाच नियम. जळका वास आला म्हणजे क्लच प्लेट घासली जाते आहे.

सीव्हीटीमध्ये पायऱ्यांचे गिअर नसतात. चढताना इंजिन एकसारखं ओरडतं, पण गाडी चढते. तिचा खरा प्रश्न उताराचा. 'डी'मध्ये ती गाडीला फारशी अडवत नाही, म्हणून 'एल', 'एस' किंवा 'बी' अशी जागा आहे का, हे घेताना पाहावं.

उतारावरचा प्रश्न इतरांनाही आहे. अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की अनेक ऑटोमॅटिक गाड्या वरचा गिअर टाकतात आणि गाडी सुसाट सुटते. म्हणून हाताने गिअर धरून ठेवण्याची सोय असणं, हाच घाटासाठी ऑटोमॅटिक निवडण्याचा पहिला निकष.

गैरसमज 4: चारही डिस्क आणि एबीएस असले की उताराची चिंता नाही

महाबळेश्वर ते पोलादपूर हा रस्ता सुमारे 40 किलोमीटरचा आणि उतार सुमारे 1300 मीटरचा. आपली तीच 1400 किलोची गाडी खाली येते तेव्हा टायर आणि हवा यांनी आपला वाटा घेतल्यावरही ताशी 60 च्या वेगातून पंचेचाळीस-पन्नास वेळा पूर्ण थांबण्याइतकी ऊर्जा जिरवायची उरते. हे सगळं ब्रेकवर टाकलं तर ते तापणारच, मग डिस्क दोन असोत की चार. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, पण ब्रेक थंड करणं हे त्याचं कामच नाही.

"ब्रेक फेल झाले" म्हणतात त्यात दोन वेगळे प्रकार असतात आणि पायाला ते वेगळे कळतात. पेडल नेहमीसारखं कडक लागतं, जोर लावूनही गाडी थांबत नाही आणि जळका वास येतो, तेव्हा पॅड किंवा लायनर तापून त्यांची पकड गेलेली असते. पेडल मऊ पडून खाली जाऊ लागतं, तेव्हा ब्रेक ऑइल उकळून नळीत वाफ झालेली असते. दुसरा प्रकार अधिक घातक. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट 4 प्रकारचं नवं ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा मुरल्यावर मात्र तीच किमान मर्यादा 155 वर येते. कोकणातल्या दमट हवेत दर दोन वर्षांनी ते बदलणं म्हणूनच गरजेचं.

पेडल खाली जाऊ लागलं तर ते भराभर पंप करावं, एकेक गिअर खाली आणावा, हँडब्रेक हळूहळू ओढावा आणि डोंगराच्या कडेला गाडी घ्यावी. नुसता वास आला असेल तर सुरक्षित जागी अर्धा तास थांबावं. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये, ती वाकते किंवा तडकते.

इलेक्ट्रिक गाडी उतारावर मोटरच्या जोरावर वेग रोखते आणि बॅटरीही भरते. मात्र वरच्या हॉटेलात बॅटरी शंभर टक्के भरून निघालात तर ही वीज साठवायला जागाच नसते आणि ती मदत सुरुवातीला कमी मिळते. घाट उतरायचा असेल तर दहा-पंधरा टक्के जागा रिकामी ठेवावी.

गैरसमज 5: उतारावर न्यूट्रल केलं की पेट्रोल वाचतं

कार्ब्युरेटरच्या काळातली ही सवय आहे. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटर पूर्ण सोडला की इंधनाचा पुरवठा थांबतो आणि चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यासाठी इंधन जळत राहतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये खर्च जास्त, शिवाय वेग रोखण्याचा सगळा भार ब्रेकवर. इंजिनच बंद केलं तर एक-दोनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा कडक होतो आणि स्टिअरिंग जड होतं.

जुने ड्रायव्हर सांगतात ते आजही खरं आहे: ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं. ब्रेक सतत दाबून न धरता, वेग वाढला की एकदा ठाम दाबायचा आणि सोडायचा.

मग निवड कशी करायची?

टेस्ट ड्राइव्ह सपाट रस्त्यावर एकट्याने घेऊ नका. घरची चार माणसं बसवा, एसी लावा आणि जवळच्या खड्यात खड्या चढावर गाडी न्या. मध्येच थांबून पुन्हा निघा आणि ती मागे किती सरकते ते पाहा. ताशी 15 च्या वेगात वळून अॅक्सिलरेटर द्या, गाडी लगेच उचलते की विचार करत बसते ते पाहा. उतरताना दुसरा गिअर धरा आणि तो गिअरबॉक्स टिकवतो की आपण होऊन बदलतो, हे तपासा. या तिन्ही गोष्टींत उतरलेली लहान गाडी, यात नापास झालेल्या मोठ्या गाडीपेक्षा घाटासाठी केव्हाही चांगली.