अर्ध्या मिनिटात एक बातमी

तंत्रज्ञानाच्या साप्ताहिक बातम्यांच्या व्हिडिओची संहिता सहसा दोन रकान्यांत लिहितात. डावीकडे पडद्यावर काय दिसणार ते, उजवीकडे निवेदक काय बोलणार ते. बातम्या दर आठवड्याला नव्या, पण सदरांचा क्रम तोच: आधी मोठी बातमी, मग झटपट बातम्या, शेवटी ठरलेला निरोप. ‘टेकलिंक्ड’ या कॅनडातल्या कार्यक्रमात झटपट बातम्यांच्या सदराला ‘क्विक बिट्स’ असं कायमचं नावच आहे.

खरी कसोटी लागते ती मोठ्या बातमीत. 19 जुलै 2024 चा शुक्रवार घ्या. भारतात सकाळचे पावणेदहा वाजायच्या सुमारास जगभरचे विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकू लागले. सुरुवातीला अनेकांनी ‘मायक्रोसॉफ्ट ठप्प’ असंच म्हटलं. किती संगणक बंद पडले, याचा मायक्रोसॉफ्टचा अंदाज मात्र शनिवारी आला. म्हणजे शुक्रवारी रात्री लिहिलेल्या संहितेत तो आकडा असणं शक्यच नव्हतं. रविवारच्या भागासाठी उजवा रकाना असा लिहिता येईल:

“शुक्रवारी लाखो संगणक बंद पडले. हा सायबर हल्ला नव्हता. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेलं अपडेट सदोष होतं. दीड तासाच्या आत कंपनीने ते मागे घेतलं, पण संगणक धड सुरूच होत नसल्याने बहुतेक ठिकाणी एकेक यंत्र हाताने दुरुस्त करावं लागलं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार 85 लाख संगणकांना फटका बसला. भारतात काही विमानप्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले.”

जेमतेम अर्ध्या मिनिटाचा मजकूर. डाव्या रकान्यात निळा पडदा, मग 85 लाखांचा आकडा, मग तो हस्तलिखित पास. आकडा तोंडून निघेल त्याच क्षणी पडद्यावर यायला हवा. दोन सेकंद उशीर झाला की प्रेक्षक वाचण्यात गुंततो आणि पुढचं वाक्य निसटतं.

यानंतरचा सांधा सर्वांत धोक्याचा. क्राउडस्ट्राइकच्या गोंधळाआधी काही तास मायक्रोसॉफ्टची अ‍ॅझ्युर सेवा अमेरिकेच्या मध्य विभागात बंद पडली होती. या दोन बातम्या लागोपाठ आल्या आणि मध्ये नुसता ‘सुईं’ असा आवाज टाकला, तर एकीमुळे दुसरी घडली असंच वाटतं. तिथे “याच्याशी संबंध नसलेली आणखी एक घटना” हे एवढे शब्द खर्च करायलाच हवेत. वेग राखण्यासाठी ते कापणारा संपादक बातमीच चुकवतो.

निरोपाचं वाक्य दर आठवड्याला तेच असतं, त्याला तांत्रिक कारणही आहे. यूट्यूबवर व्हिडिओच्या शेवटी 5 ते 20 सेकंद इतर व्हिडिओंच्या चौकटी दाखवता येतात. निरोप कायम एकाच लांबीचा असला की त्या चौकटींची जागा आणि वेळ दर भागात नव्याने जुळवावी लागत नाही. मात्र त्या सेकंदांत पडद्याचा बराच भाग झाकला जातो. त्यामुळे मागच्या भागातली एखादी चूक दुरुस्त करायची असेल, तर ती निरोपाच्या आधीच सांगून टाकावी लागते.